दुसऱ्या इंजेक्शनाची वेळ

"सुनेला आठवा नुकता लागलाय आणि कळा सुरू झाल्यात. बाळाच्या फुफ्फुसांसाठी म्हणून स्टेरॉइडची चार इंजेक्शनं सांगितलीत, एक काल रात्री दिलंसुद्धा. आमच्या ह्यांना दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड होतं, हाडं पार ठिसूळ झाली. पोटातल्या जिवाला ते कशाला? उरलेली तीन नको म्हटलं तर चालेल ना?"

सासूबाईंनी हे विचारलं ती बुधवारची सकाळ होती आणि घड्याळात साडेनऊ वाजत आले होते. वेळ मुद्दाम सांगते आहे, कारण दुसरं इंजेक्शन बरोबर साडेनऊलाच द्यायचं होतं. सिस्टर भरलेली सिरिंज ट्रेमध्ये घेऊन उभ्या होत्या आणि घरच्यांनी हात धरला होता. मला लेबर रूममधून निरोप आला तो त्यासाठीच.

शर्वरी (नाव बदललं आहे) मूळची इंदूरची. माहेर रामबागेत, सासर देवासला. पहिलटकरीण, एकतीस आठवडे. मंगळवारी संध्याकाळपासून पोट थांबून थांबून दगडासारखं होत होतं. देवासला तपासलं तेव्हा गर्भाशयाचं तोंड दोन सेंटीमीटर उघडलेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी कळा सैल पडाव्यात म्हणून गोळी सुरू केली, पहिलं इंजेक्शन दिलं आणि लगेच इंदूरला पाठवलं. रेफरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: डेक्सामेथासोन ६ मिग्रॅ, स्नायूत, रात्री ९.३०. ती वेळ लिहिलेली पाहून मला फार बरं वाटलं. कितीतरी चिठ्ठ्यांवर नुसतं 'इंजेक्शन दिले' एवढंच असतं. मग इथल्या सिस्टरने पुढचं कधी द्यायचं, ते कशावरून ठरवायचं?

मी सासूबाईंना खुर्ची दिली. काकांच्या दम्यापासूनच सुरुवात करणं भाग होतं, कारण भीती तिथे होती. काकांनी गोळ्या किती वर्षं घेतल्या, असं विचारलं. त्या म्हणाल्या, अकरा-बारा वर्षं, जवळजवळ रोज. हाडं ठिसूळ होतात ती अशा रोजच्या, वर्षानुवर्षांच्या औषधाने. इथे सहा मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं आहेत, दर बारा तासांनी एक. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत छत्तीस तास, आणि मग औषध बंद. जात एकच असली तरी काम वेगळं आणि मुदतही वेगळी.

"पण फुफ्फुसं तर देवाने आधीच दिलीत ना बाळाला?" त्यांनी विचारलं. प्रश्न अगदी नेमका होता. एकतिसाव्या आठवड्यात फुफ्फुसं असतात, पण ती हवेसाठी तयार नसतात. पोटात बाळ फुफ्फुसांनी श्वास घेत नाही, त्याला प्राणवायू वारेतून मिळतो. फुफ्फुसांतले बारीक फुगे, म्हणजे वायुकोश, तेव्हा पाण्याने भरलेले असतात. जन्मल्यावर ते पाणी शोषलं जायला हवं आणि तिथे हवा जायला हवी. मी त्यांना भाजीची पातळ प्लास्टिकची पिशवी आठवायला सांगितली. ती आतून ओली झाली की दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात आणि उघडता उघडत नाहीत. ओल्या वायुकोशाचं तसंच होतं. श्वास सोडला की तो मिटतो, चिकटतो आणि पुढच्या श्वासाला पुन्हा तेवढाच जोर लावून उघडावा लागतो. दीड किलोच्या बाळाला हे मिनिटाला पन्नास वेळा करायचं असतं. ते काही तासांत थकतं. बरगड्या आत ओढल्या जातात, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो.

पूर्ण दिवसांच्या बाळाला हा त्रास सहसा होत नाही, कारण त्याच्या वायुकोशांच्या आत एक स्निग्ध थर असतो. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. रिठ्याच्या पाण्याने जसा पाण्याचा ताण सैल पडतो, तसं हा थर करतो. श्वास सोडल्यावरही वायुकोश पूर्ण मिटत नाही. हा थर वायुकोशांतल्याच काही खास पेशी बनवतात. त्या आधीपासून असतात, पण पुरेसा थर साधारण चौतीस-पस्तीस आठवड्यांच्या सुमारास तयार होतो. प्रसूती जवळ आली की बाळाच्या स्वतःच्या अंगातलं स्टेरॉइड वाढतं आणि या पेशींना कामाला लावतं. इंजेक्शन तोच निरोप थोडा आधी पोहोचवतं. फुफ्फुसातलं पाणी शोषलं जाण्यालाही त्याची मदत होते. आणि हेच औषध का, तर प्रेडनिसोलोनसारख्या नेहमीच्या गोळ्यांचा बराचसा भाग वारेतच निकामी होतो. डेक्सामेथासोन वार ओलांडून बाळापर्यंत जातं.

हे कळलं ते मेंढ्यांमुळे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडचे डॉक्टर लिगिन्स कळा कशा सुरू होतात याचा मेंढ्यांवर अभ्यास करत होते. स्टेरॉइड मिळालेलं एक कोकरू इतक्या लवकर जन्मलं की ते जगायलाच नको होतं, पण ते श्वास घेत होतं. पुढे बालरोगतज्ज्ञ हॉवी यांच्याबरोबर त्यांनी २८२ मातांवर प्रयोग केला आणि १९७२ साली प्रसिद्ध केला. त्यातली बाळं तीस वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली गेली. इन्सुलिनला शरीर देतं त्या प्रतिसादात थोडा फरक दिसला, बाकी बुद्धी किंवा हृदयाच्या बाबतीत नुकसान आढळलं नाही. सासूबाईंना ही तीस वर्षांची गोष्ट सर्वांत जास्त पटली.

"पण आठव्यातलं मूल जगत नाही म्हणतात. सातव्यातलं जगतं," त्या हळूच म्हणाल्या. ही समजूत मी प्रसूतीच्या वॉर्डात दर महिन्याला ऐकते आणि दर वेळी ती ठामपणे खोडते. बाळ पोटात जितके आठवडे जास्त, तितकं ते जास्त तयार. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा एरवी सरसच असतं.

मी त्यांना एक गोष्ट मात्र लपवली नाही. ही इंजेक्शनं म्हणजे हमी नाही. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सव्वीस ते चौतीस आठवड्यांच्या आत प्रसूती होण्याची शक्यता असलेल्या माता होत्या. इंजेक्शन न मिळालेल्यांत शंभरातली साधारण चोवीस बाळं पहिल्या महिन्यात दगावली, मिळालेल्यांत वीस. म्हणजे शंभरात चार बाळं वाचली, सगळी नाही. मेंदूतला रक्तस्राव आणि आतड्याचा गंभीर आजारही या इंजेक्शनांनी कमी होतात, हे आधीच्या अनेक अभ्यासांतून दिसलं आहे.

त्यांनी मान हलवली. अकरा वाजता दुसरं इंजेक्शन दिलं गेलं. दीड तास उशीर झाला होता, पण तो भरून काढायला दोन एकदम देत नाहीत. पुढचं तिथून बारा तासांनी, म्हणजे रात्री अकराला, एवढंच ठरलं.

खरी परीक्षा बुधवारी रात्री झाली. शर्वरीला गरोदरपणातला मधुमेह होता आणि तोवर तो पथ्यावर काबूत होता. रात्री जेवणानंतर साखर १९० आली. नवरा घाबराघुबरा होऊन आला, "ताई, म्हणत होतो ना, इंजेक्शनाने बिघडलं." इंजेक्शनानेच वाढली होती, हे त्याचं बरोबर होतं, आणि मी तसंच सांगितलं. पहिल्या इंजेक्शनानंतर काही तासांत साखर चढते आणि चार-पाच दिवस चढलेली राहू शकते. म्हणून मधुमेही बाईची साखर या दिवसांत वारंवार पाहतात, लागेल तसं इन्सुलिन देतात, पण इंजेक्शन थांबवत नाहीत. रक्तात पांढऱ्या पेशीही वाढलेल्या दिसतात. तेवढ्यावरून जंतुसंसर्ग झाला असं ठरवता येत नाही. मात्र ताप आला, पोट दाबल्यावर दुखलं किंवा अंगावरून घाण वासाचं पाणी गेलं, तर ती बाब वेगळी. गर्भपिशवीतच संसर्ग असेल तर इंजेक्शनाचे तास पुरे करायला थांबत नाहीत, प्रसूती करावी लागते.

रात्री शर्वरीने स्वतः सांगितलं की बाळ कमी हलतंय. इंजेक्शनानंतर दोन-तीन दिवस बाळाची हालचाल मंदावू शकते आणि ठोक्यांचा आलेखही जरा सपाट दिसतो. तरीही मी तिला "इंजेक्शनामुळेच असेल" असं म्हटलं नाही. ते ठरवणं माझं काम नाही, तिचंही नाही. डॉक्टरांनी लगेच ठोक्यांचा पट्टा लावला, सोनोग्राफी केली आणि बाळ ठीक आहे असं सांगितलं. तिसरं इंजेक्शन ठरल्या वेळी झालं, गुरुवारी अकराला चौथं.

प्रसूती गुरुवारी संध्याकाळी सहाला झाली. पहिल्या इंजेक्शनापासून चव्वेचाळीस तास झाले होते. पूर्ण फायदा पहिल्या इंजेक्शनानंतर चोवीस तासांपासून सात दिवसांपर्यंत असतो असं मानतात. त्याआधी प्रसूती झाली तरी एक-दोन इंजेक्शनांचा थोडा उपयोग होतोच, म्हणून 'आता काही तासांत होईल' असं वाटलं तरी पहिलं देऊन टाकतात. शर्वरीला ते देवासलाच मिळालं नसतं आणि इंदूरला आल्यावर घरच्यांची संमती मिळेपर्यंत थांबले असते, तर हेच बाळ पहिल्या इंजेक्शनानंतर तीस-बत्तीस तासांत जन्मलं असतं.

याच कारणाने मला उलट टोकाचीही चिंता वाटते. एक बाई माझ्याकडे आली होती. तिला अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून एका ठिकाणी दर आठवड्याला 'फुफ्फुसांचं इंजेक्शन' दिलं जात होतं, जपून असावं म्हणून. कळा नव्हत्या, काही नव्हतं. तिची प्रसूती पूर्ण दिवसांची झाली. अशा पुन्हा पुन्हा दिलेल्या डोसांनी बाळाचं वजन कमी भरतं. सात दिवस उलटून गेले आणि लवकर प्रसूतीचा धोका खरोखर कायम असला, तर डॉक्टर चौतीस आठवड्यांच्या आत एकदा पुन्हा द्यायचा विचार करतात, त्यापुढे नाही. आठवडे नीट मोजलेले नसताना, नवजात बाळाच्या काळजीची सोय नसताना सरसकट वाटलेल्या इंजेक्शनांनी उलट जास्त बाळं दगावली, असं सहा देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. भारत त्या सहांमध्ये होता. म्हणून सुरुवातीची सोनोग्राफी जपून ठेवा, असं मी प्रत्येकीला सांगते. शर्वरीचे एकतीस आठवडे त्या पहिल्या सोनोग्राफीवरूनच पक्के झाले होते.

मुलगी झाली, १४६० ग्रॅमची. रडली, पण अर्ध्या तासात कण्हायला लागली. एनआयसीयूत नाकातून दाबाने हवा देणारं सीपॅप लावलं, ते तिसऱ्या दिवशी काढलं. घशात नळी घालून सर्फॅक्टंट द्यावं लागलं नाही. ते इंजेक्शनांमुळेच, असं एका बाळावरून मी म्हणणार नाही. सासूबाई रोज दुपारी काचेबाहेर उभ्या असायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, आता तिच्या छातीत तो थर झाला का? मी म्हटलं, आता तो तिची फुफ्फुसंच बनवताहेत.

बाळ चोवीस दिवसांनी घरी गेलं. शर्वरीची साखर प्रसूतीनंतर आठवड्याच्या आत खाली आली. सहा आठवड्यांनी ग्लुकोज पिऊन ती पुन्हा तपासायची आहे. ती तारीख मी त्यांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून दिली आहे.