प्रकाश अभिक्रिया कुठं, कार्बन स्थिरीकरण कुठं?

प्रकाशसंश्लेषणाच्या या दोन टप्प्यांच्या जागा आधी पक्क्या कर. हरितलवकातल्या थायलॅकॉइडच्या पटलात प्रकाश अभिक्रिया होते: पाणी फुटतं, ऑक्सिजन सुटतो, ऊर्जा वाहून नेणारे रेणू एटीपी आणि एनएडीपीएच तयार होतात. भोवतालच्या द्रवात, म्हणजे स्ट्रोमात, ही दोन्ही खर्चून कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनते; हेच कार्बन स्थिरीकरण.

सुरुवातीला हमखास चुकतं ते इथं:

- ऑक्सिजन पाण्यातून येतो, कार्बन डायऑक्साइडमधून नाही.
- कार्बन स्थिरीकरणाला 'अंधारातली अभिक्रिया' म्हणतात, म्हणून ते रात्री चालतं असं समजू नकोस. भर उन्हातल्या भाताच्या पानावर अचानक अंधार केलास, तर शिल्लक एटीपी आणि एनएडीपीएच लगेच संपतात, कार्बन डायऑक्साइड पकडणारं विकर रुबिस्कोही मंदावतं आणि साखर बनणं थांबतं.

आपल्या कोल्हापुरात उदाहरण म्हणून ऊसच पटकन सुचतो, पण त्याच्या कार्बन स्थिरीकरणात एक जादा टप्पा आहे. तो भातानंतर घे.