डोळ्यात चुना उडाल्यास काय करावे?

प्रश्न : कुळागरात कोळेरोगासाठी बोर्डो तयार करताना काल चुन्याचे पाणी भावाच्या डोळ्यात उडाले. तांब्याभर पाणी मारले, चुरचुर थांबली, पण बुबुळ धुरकट दिसते. घरीच बरे होईल का? धूळ गेली तरी असेच करायचे का? (सत्तरीतील एक बागायतदार)

उत्तर : त्यांना आजच नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. चुरचुर थांबली म्हणून निश्चिंत राहू नये, कारण चुना तीव्र क्षारधर्मी असल्याने तो डोळ्याच्या आत खोलवर शिरतो, आणि भाजलेल्या भागाची संवेदना गेल्यामुळेही वेदना कमी भासू शकते. धुरकट बुबुळ किंवा लाली न येता पांढराफटक पडलेला डोळा हे गंभीर इजेचे लक्षण आहे.

एक टक्का बोर्डोसाठी १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद व १ किलो चुना लागतो. कळीचा चुना विरघळवताना पाणी उकळून उडते, तेव्हा त्याबरोबर चुन्याचे बारीक खडेही डोळ्यात जातात. हे खडे वरच्या पापणीच्या आतल्या बाजूस चिकटून राहतात आणि अश्रूंत सतत विरघळत राहतात, म्हणूनच तांब्याभर पाणी पुरत नाही.

पुन्हा असे घडल्यास इस्पितळाकडे धावण्यापूर्वी जागेवरच धुण्यास सुरुवात करावी. इजा झालेला डोळा खालच्या बाजूस येईल अशी मान कलती करावी, म्हणजे दूषित पाणी दुसऱ्या डोळ्यात जात नाही. दुसऱ्या व्यक्तीने दोन बोटांनी पापण्या उघड्या धराव्यात आणि नाकाकडून कानाकडे स्वच्छ पाण्याची संथ धार किमान अर्धा तास सोडावी. त्यासाठी दोन-तीन कळशा पाणी लागेल. मधूनमधून डोळा वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवायला सांगावे आणि दिसणारे खडे ओल्या कापसाच्या टोकाने हलकेच टिपावेत. डोळा चोळल्यास हेच खडे बुबुळावर घासले जातात. लिंबाचा रस, दूध किंवा मध घालून चुना मारण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. धुऊन झाल्यावर डोळा घट्ट न बांधता १०८ बोलावून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या नेत्रविभागात जावे. फवारणीचे औषध उडाले असल्यास त्याचा डबा सोबत न्यावा.

साध्या धुळीसाठी पापण्यांची उघडझाप करून काही मिनिटे धुणे बहुधा पुरते. मात्र दुसऱ्या दिवशीही खुपत असल्यास, उजेड सहन होत नसल्यास किंवा दृष्टी अंधुक झाल्यास थांबू नये. झावळीचे किंवा गवताचे पाते लागून झालेल्या ओरखड्यात बुरशी वाढू शकते, आणि औषधाच्या दुकानातून विचारून आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी ती अधिकच फोफावते. गवत कापण्याच्या यंत्रातून तुकडा उडून डोळ्यात रुतला असेल, तर मात्र धुऊ नये व दाबू नये; वर कागदी पेला अलगद धरून थेट इस्पितळ गाठावे.