जुनी सहकारी रिक्रूटर म्हणून मेसेज करते तेव्हा

प्रिय,

तू पाठवलेला स्क्रीनशॉट पाहिला. "काय रे, बदलणार का? मस्त ओपनिंग आहे. सध्या किती मिळतात? सीव्ही टाक." दोन वर्षं शेजारी बसलेली मुलगी आता कन्सल्टन्सीत आहे म्हटल्यावर तुझा हात लगेच सीव्हीकडे गेला असणार. थोडा थांब.

आधी कंपनीचं नाव आणि जेडी, म्हणजे कामाचं लेखी वर्णन, माग. कन्सल्टन्सीनं सीव्ही पाठवला की पुष्कळ कंपन्यांत तू काही महिने त्यांचा उमेदवार म्हणून नोंदला जातोस. मग तिथल्याच एखाद्या मित्रानं तुला रेफर केलं, किंवा दुसऱ्या कन्सल्टन्सीनं तोच सीव्ही पुढे केला, तर कंपनीकडून मिळणारी फी कुणाची यावरून वाद होतो आणि कधीकधी उमेदवारच बाजूला पडतो. मैत्रिणीला हे विचारताना अवघडायला होतं, पण तिला हे प्रश्न रोजचेच आहेत. असं लिही:

"अगं, किती दिवसांनी! नवीन कामात रुळलीस का? ओपनिंगबद्दल ऐकायला आवडेल. कंपनीचं नाव आणि जेडी मेलवर पाठवतेस? वाचून उद्या संध्याकाळपर्यंत कळवतो. मी हो म्हणेपर्यंत सीव्ही कुठे देऊ नकोस, प्लीज."

एवढ्यात मैत्रीही आली आणि कामही. एकदम 'आदरणीय मॅडम' लिहिलंस तर ती हसेल, नाहीतर दुखावेल. गप्पा व्हॉट्सॲपवर चालू दे. मेल मात्र ती जशीच्या तशी क्लायंटला फॉरवर्ड करू शकते, म्हणून आपल्या जुन्या बॉसच्या नकला त्यात नकोत.

पगार सांगताना फिक्स्ड आणि व्हेरिएबल वेगळे लिही. तिच्याशी बोलताना आकडा फुगवावासा वाटतो, पण पुढे सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ मागतात, आणि तेव्हा खोटी तीही पडते. तिची फी बहुधा तुझ्या वार्षिक सीटीसीच्या टक्क्यांत असते, त्यामुळे तुला जास्त मिळालं तर तिचाही फायदा. तरी जागा लवकर भरणं तिच्या दृष्टीनं त्याहून महत्त्वाचं. ती शेवटपर्यंत तुझ्यासाठी घासाघीस करेल, असं धरून चालू नकोस. "नोटीस पिरियड मॅनेज करशील ना?" असं विचारलं तर मैत्रीखातर हो म्हणू नकोस. ९० दिवस असतील तर ९० लिही, आणि बायआउट, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटणं, चालतो का ते तुमच्या एचआर पॉलिसीत पाहून मगच सांग.

आणखी एक. "फक्त तुला म्हणून सांगतो" असं काही तिला सांगू नकोस. हातात दुसरी ऑफर असली तर ती सरळ सांग, कारण जॉइनिंगच्या आदल्या दिवशी तू फिरलास तर क्लायंटपुढे तिला उभं राहावं लागतं. मॅनेजरशी झालेलं भांडण मात्र तिच्या कामाचं नाही. ते ऐकून घेतलं की तुला पुढे पाठवायचं की नाही, या पेचात ती पडते.

जेडी जमली नाही तर त्याच दिवशी तसं कळव, म्हणजे तिला दुसरा माणूस शोधता येईल. ओळखीतलं कुणी असेल तर नाव सुचव, पण आधी त्याला विचारून.

तुझी,
ताई