रँकिन सायकल: कार्यक्षमतेबरोबर वाफेचा कोरडेपणाही काढ

आधी टी-एस आकृती काढ. पंप पाण्याचा दाब वाढवतो, बॉयलर स्थिर दाबावर उष्णता देतो, वाफ टर्बाइनमध्ये प्रसरण पावून काम करते आणि कंडेन्सर उरलेली उष्णता काढून तिचं परत पाणी करतो. आदर्श चक्रात पंप आणि टर्बाइनच्या रेषा उभ्या येतात, कारण तिथे एन्ट्रॉपी बदलत नाही.

आता आकडे. बॉयलर 30 बार, वाफ 350 अंश, कंडेन्सर 0.1 बार. टर्बाइनचं काम किलोमागे सुमारे 980 किलोज्यूल, पंपाला लागतात फक्त 3. (द्रव दाबायला स्वस्त, म्हणून तर आधी वाफेचं पाणी करायचं!) बॉयलरमध्ये 2921 किलोज्यूल दिले, म्हणून कार्यक्षमता 977 भागिले 2921, म्हणजे 33.4 टक्के.

इथे बरेच जण थांबतात. पण टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वाफेचा ड्रायनेस फ्रॅक्शन 0.81 आहे, म्हणजे 19 टक्के पाणी. हे थेंब शेवटच्या पात्यांची झीज करतात, साधारण 0.88 च्या खाली जाऊ नये.

वाफ 600 अंशांपर्यंत तापवली तर कार्यक्षमता 37.3 टक्के आणि कोरडेपणा 0.915, दोन्ही सुधारतात. मर्यादा येते ती नळ्यांच्या धातूची. त्याच तापमानाला दाब 150 बार केला तर कार्यक्षमता 43 टक्के होते, पण कोरडेपणा पुन्हा 0.80 वर घसरतो. म्हणून वाफ मध्येच 40 बारला काढून परत 600 अंशांपर्यंत तापवतात: 45 टक्के आणि 0.896. रिहीटचा खरा फायदा त्या दुसऱ्या आकड्यात आहे.