पानदृश्ये मोजूनच वेब परवाना घ्यावा

फॉन्टचा आपण घेतलेला डेस्कटॉप परवाना ठरावीक संगणकांपुरता असतो; त्यातून छापील पत्रक किंवा लोगो सहसा करता येतो, पण तीच फाइल WOFF2 या वेबसाठीच्या फॉन्ट-स्वरूपात बदलून संकेतस्थळावर चढवण्याची मुभा बहुतेक परवाने देत नाहीत. वेब परवान्यात नवखे लोक हमखास चुकतात ते पाहुण्यांची संख्या मोजून, कारण मर्यादा बहुधा पानदृश्यांची असते: महिन्याला ४,००० जण येऊन प्रत्येकी पाच पाने उघडत असतील, तर २०,००० पानदृश्ये होतात आणि १०,००० ची पायरी अपुरी पडते. ॲपमध्ये फॉन्ट अंतर्भूत करायचा असल्यास परवाना वेगळा, आणि तो बहुधा प्रत्येक ॲपसाठी निराळा लागतो. काम ग्राहकाचे असेल, तर वेब परवाना त्याच्याच नावावर घ्यायला लावावा, असे माझे मत आहे.