वॉलेटमधली शिल्लक महसुलात कधी धरायची?

"आम्ही ऑनलाइन दुकानातून गिफ्ट कार्ड विकतो, परताव्याचे पैसे ग्राहकाच्या वॉलेटमध्ये टाकतो, कधी फुकट क्रेडिटही देतो. आजवर पैसे आले की विक्री धरत होतो. ऑडिटर म्हणतात, हे सगळं देणं आहे. मग महसूल नेमका कधी दाखवायचा?"

ऑडिटरचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे, पण 'सगळं' नाही. फुकट वाटलेलं क्रेडिट वेगळं आहे, आणि मी पाहिलेल्या हिशोबांत सर्वांत मोठा घोळ तिथेच झालेला असतो. त्याकडे शेवटी येतो.

कार्ड विकलंत तेव्हा पैसे हातात आले, पण माल द्यायचा राहिला. म्हणून बँक खाते नावे, ग्राहक क्रेडिट देणे खाते जमा. कार्ड वापरून ग्राहकाने माल घेतला की देणे खाते नावे आणि विक्री खाते जमा. परताव्याचंही तसंच: ८०० चा माल परत आला, तर विक्री परत खाते नावे आणि देणे खाते जमा. ही पहिली विक्री उलटवायची राहून गेली, तर क्रेडिट वापरल्यावर तेच ८०० दुसऱ्यांदा विक्रीत येतात.

आता जे कधीच वापरलं जात नाही त्याचं काय? याला ब्रेकेज म्हणतात, आणि IFRS 15 या महसुलाच्या आंतरराष्ट्रीय लेखामानकात त्याचे नियम आहेत. समजा १,००,००० ची कार्डं विकलीत आणि मागच्या काही वर्षांच्या नोंदींवरून दिसतंय की साधारण १० टक्के रक्कम तशीच पडून राहते. म्हणजे ९०,००० वापरले जातील अशी अपेक्षा. पहिल्या वर्षी ४५,००० वापरले गेले, म्हणजे अपेक्षित वापराचा निम्मा भाग. मग ब्रेकेजच्या १०,००० पैकीही निम्मे, ५,००० महसुलात घ्यायचे. एकूण महसूल ५०,०००, देणं उरलं ५०,०००. दुसऱ्या वर्षी ३६,००० वापरले गेले, म्हणजे ४० टक्के. त्यासोबत ४,००० ब्रेकेज, आणि देणं उरलं १०,०००. तिसऱ्या वर्षी मुदत संपेपर्यंत ७,००० च वापरले गेले, तर राहिलेले ३,००० मुदत संपल्यावर महसुलात.

पण असा अंदाज बांधण्याइतक्या जुन्या नोंदी तुमच्याकडे नसतील तर हे करू नका. मग कार्ड वापरलं जाण्याची शक्यता जवळपास संपेपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत पूर्ण रक्कम देण्यातच ठेवायची. पडून राहिलेले पैसे सरकारजमा करायचा कायदा जिथे लागू असेल, तिथे ती रक्कम तुमची होतच नाही. ती देणंच राहते. ग्राहक शिल्लक रोखीत काढून घेऊ शकत असेल, तर ते वित्तीय देणं आहे. त्यावर ब्रेकेजचं हे गणित चालत नाही.

आता फुकट क्रेडिट. ग्राहकाने त्यासाठी काहीच दिलेलं नाही, म्हणून देताना नोंदच नको. वापरलं जाईल तेव्हा ती किमतीतली सूट. (खरेदीच्या बदल्यात दिलेलं क्रेडिट मात्र फुकट नसतं, पुढच्या खरेदीवर खरोखर मोठी सवलत मिळत असेल, तर मूळ किमतीचा काही भाग त्या क्रेडिटसाठी बाजूला काढून देणं म्हणून ठेवावा लागतो.)

मी एका कंपनीचे हिशोब पाहत होतो. त्यांनी जाहिरातीसाठी वाटलेलं क्रेडिट जाहिरात खर्च नावे, ग्राहक क्रेडिट देणे जमा असं लिहिलं होतं. तीन महिन्यांनी मुदत संपली आणि उरलेली शिल्लक 'मुदतबाह्य क्रेडिट' म्हणून महसुलात गेली. त्या महिन्यात ना माल बाहेर गेला होता, ना पैसा आत आला होता, तरी महसूल वाढला. तो आकडा काढून टाकावा लागला, कारण तो पैसा कुणी दिलेलाच नव्हता.

दुसरी चूक एकत्र शिल्लकीची. वॉलेटमध्ये ग्राहकाचे २०० आणि तुमचे फुकटचे १०० आहेत. त्याने १५० चा माल घेतला. आधी फुकटचे वापरायचे असा नियम असेल, तर १०० सूट, ५० महसूल आणि देणं उरतं १५०. सॉफ्टवेअरने पूर्ण १५० देण्यातून वजा केले, तर पुस्तकात देणं ५० उरतं, पण ग्राहक उद्या १५० मागू शकतो. म्हणून कोणती शिल्लक आधी खर्ची पडते हे ग्राहकाला दिलेल्या अटींत आणि सॉफ्टवेअरमध्ये सारखंच हवं, आणि प्रत्येक जमा रकमेवर 'भरलेली', 'परतावा' की 'फुकट' ही खूण हवी.

तुमचं कुठे चुकतंय हे लगेच कळेल. महिनाअखेरीस सगळ्या वॉलेटमधली 'भरलेली' आणि 'परतावा' शिल्लक आणि न वापरलेली कार्डं यांची बेरीज घ्या, त्यातून आधीच महसुलात घेतलेलं ब्रेकेज वजा करा आणि देणे खात्याशी ताळा जुळवा. खात्यात जास्त दिसलं, तर बहुधा फुकट क्रेडिट आत शिरलंय. कमी दिसलं, तर सॉफ्टवेअर फुकट क्रेडिटचा वापरही देण्यातून वजा करतंय किंवा परताव्याची नोंद राहून गेलीय.