डेंजर, वॉर्निंग, कॉशन: यातलं जास्त गंभीर कोणतं?

प्रश्न: भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये नवीन पॉवर प्रेस आणलाय. मॅन्युअलमध्ये कुठे डेंजर, कुठे वॉर्निंग, कुठे कॉशन लिहिलंय. जास्त गंभीर कोणतं?

उत्तर: सगळ्यात वर डेंजर, मग वॉर्निंग, मग कॉशन. पण वॉर्निंगला मधली पायरी समजून सोडू नका. एएनएसआय झेड५३५ या अमेरिकन मानकात डेंजर आणि वॉर्निंग दोन्हींत धरलेली इजा एकच आहे: मृत्यू किंवा गंभीर दुखापत. फरक खात्रीचा. डेंजरची सूचना मोडली तर ती इजा होणारच, वॉर्निंगची मोडली तर होऊ शकते. म्हणजे गार्ड काढून डायमध्ये हात घालू नका, या सूचनेवर नुसतं वॉर्निंग असलं तरी पणाला बोटंच लागलेली असतात. कॉशन किरकोळ किंवा मध्यम इजेसाठी, उदाहरणार्थ पत्र्याच्या धारेने हात कापणं. चुकीच्या ऑइलने फक्त मशीन बिघडणार असेल तर तिथे नोटिस येतं. मात्र जुन्या किंवा मानक न पाळणाऱ्या मॅन्युअलमध्ये हे शब्द सर्रास अदलाबदल करून वापरलेले दिसतात, कॉशन तर मशीनच्या नुकसानीसाठीही. तिथे शब्दावर जाऊ नका. खाली लिहिलेला परिणाम वाचा आणि ऑपरेटरला मराठीत समजावून सांगा.